पांघरुणाचा काठ 80 सेंटिमीटरचा 71 का झाला? जोडून विणलेल्या आय-कॉर्डचं एक प्रकरण

फोंड्याजवळच्या गावातल्या एका आजींनी नातवाच्या बारशासाठी सुती पांघरूण विणायला घेतलं. सगळ्या ओळी सुलट, चार मिलिमीटरच्या सुया, फिकट साय-रंगाचा धागा, आणि भोवती गडद निळ्या रंगाचा गोल, नळीसारखा काठ. मधला चौकोन झकास झाला. काठाची पहिली बाजू संपली तेव्हा मात्र ती आत ओढली जाऊन तिला चुण्या पडल्या होत्या, निळ्या काठात साय-रंगाचे ठिपके दिसत होते आणि कोपरा होडीच्या टोकासारखा वर उचलला गेला होता. सुनेने विचारलं, "आई, धुतल्यावर बसेल का हो हे?" सुती धाग्यात ते बसत नाही. लोकर पाण्यातून काढून ताणून वाळवली तर थोडंफार सामावून घेते. कापसाला ती लवचीकता नाही, त्यामुळे विणताना चुकलेलं माप धुतल्यावरही चुकलेलंच राहतं. गोव्याच्या हवेत बाळासाठी सुतीच पांघरूण योग्य, म्हणूनच इथे हे गणित आधी मांडायला हवं.

या काठाला विणकामात आय-कॉर्ड म्हणतात. अमेरिकेत राहिलेल्या ब्रिटिश वंशाच्या विणकाम-शिक्षिका एलिझाबेथ झिमरमन (1910–1999) यांनी 'इडियट कॉर्ड' या जुन्या नावाचं हे छोटं रूप रूढ केलं. कृती खरोखरच सोपी आहे. सुईवर तीन टाके असतात. ते सुलट विणायचे, काम उलटायचं नाही, तिन्ही टाके पुन्हा डाव्या सुईवर सरकवायचे आणि मागून धागा ओढून पहिल्या टाक्यापासून परत सुरुवात करायची. प्रत्येक फेरीत धागा तिसऱ्या टाक्याकडून पहिल्याकडे पाठीमागून जातो आणि पट्टीच्या दोन्ही कडा जवळ ओढतो. सुलट बाजू बाहेर राहते आणि पट्टीची नळी होते. तीन टाक्यांची नळी साधारण एक सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी जाडीची होते. चार टाक्यांची भरीव दिसते. पाचाच्या पुढे गेलं की मागचा धागा दोन कडांमधलं अंतर झाकू शकत नाही आणि नळी चपटी पडते.

ही दोरी पांघरुणाला जोडायची तर प्रत्येक फेरीत तिचा शेवटचा टाका आणि काठाचा एक टाका मिळून एक टाका करायचा. म्हणजे दोन टाके सुलट, मग दोरीचा तिसरा आणि काठाचा पहिला एकत्र, तिन्ही टाके परत डाव्या सुईवर. अशा फेरीला पुढे जोडफेरी म्हटलं आहे. काठाला न जोडता नुसते तीन टाके विणून सरकवले तर ती मोकळी फेरी. या प्रकरणातली सगळी गंमत या दोन फेऱ्यांच्या प्रमाणात आहे.

आता आजींच्या पांघरुणाचे आकडे. सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापडावर आडवे कंगोरे येतात आणि दोन ओळींचा एक कंगोरा होतो. त्यांच्या हाताने 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके आणि 20 कंगोरे येत होते. म्हणून 80 सेंटिमीटरच्या चौकोनात 160 टाके आणि 160 कंगोरे होते. एका कंगोऱ्याला एक टाका उचलायचा ही सवय बहुतेकांना असते आणि ती वाईट नाही. सुलट वीण या बाबतीत सोयीची आहे, कारण चारही बाजूंना मोजायला तेच 160 मिळतात. आजींनी 160 टाके उचलले आणि प्रत्येकाला एक जोडफेरी दिली. एकास एक, कुठेही मोकळी फेरी नाही.

चूक तिथे झाली. दोरी म्हणजे उलट-सुलट विणीचीच नळी आहे, आणि तिची उंची कंगोऱ्याच्या उंचीएवढी नसते. कंगोरा दोन ओळींचा असतो, दोरीची फेरी एकाच ओळीची. आजींची दोरी चार मिलिमीटरच्या सुईवर, न ताणता टेबलावर ठेवून मोजली तेव्हा 10 सेंटिमीटरमध्ये 27 फेऱ्या भरल्या. म्हणजे 160 फेऱ्यांची दोरी स्वतःहून 59 सेंटिमीटर लांब होते आणि ती 80 सेंटिमीटरच्या काठावर बसवली गेली होती. दोघांच्या ओढाताणीत काठ 71 वर थांबला. पांघरुणाने थोडी माघार घेतली, दोरी थोडी ताणली गेली आणि ताणाच्या जागी चुण्या आल्या. ओढून ओढून मोजलं तर 78 भरत होतं, म्हणून आजींना वाटलं की हात आखडला असेल. काठ नेहमी सोडून, सपाट टेबलावर पसरूनच मोजावा.

उपाय आधी सुईने करून पाहिला. पाच मिलिमीटरची सुई घेतल्यावर 10 सेंटिमीटरमध्ये 23 फेऱ्या आल्या आणि फरक बराच कमी झाला. पण टाके ढिले पडले आणि नळीच्या पाठीत मागून जाणारा धागा उघडा दिसू लागला. त्या फटीत बाळाचं बोट अडकू शकतं, म्हणून तो मार्ग सोडला. मग साडेचार मिलिमीटरची सुई घेतली. तिच्यावर दोरी घट्टही राहिली आणि 10 सेंटिमीटरला 25 फेऱ्या आल्या. काठाला हव्यात 25 फेऱ्या, जोडायला जागा आहेत 20. तेव्हा प्रत्येक चार जोडफेऱ्यांनंतर एक मोकळी फेरी द्यायची, म्हणजे चार कंगोऱ्यांना पाच फेऱ्या होतात आणि 20 ला 25 बरोबर बसतात. आजींनी हाच हिशेब पाळला.

हा हिशेब ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याच्या हाताचा आकडा घेतला तर फसगत होते. सर्वांत सोपा मार्ग असा: ज्या सुईने काठ करायचा तिच्यावर 30 फेऱ्यांची सुटी दोरी विणा, एकदा हलकेच ओढून सोडा आणि मध्यभागी 10 सेंटिमीटरमध्ये किती फेऱ्या आल्या ते मोजा. त्या संख्येला काठाच्या 10 सेंटिमीटरमधल्या जोडायच्या जागांनी भागा. उत्तर 1.25 आलं तर चारास एक मोकळी, 1.33 आलं तर तीनास एक मोकळी, 1.5 आलं तर दोनास एक. सरळ बाजूवर दोन मोकळ्या फेऱ्या सलग मात्र देऊ नका, कारण तिथे दोरी काठापासून सुटते आणि बोट जाईल एवढा आडवा फासा तयार होतो.

विणायला सुरुवात केल्यावर 40 कंगोरे झाले की थांबून मोजा. या पांघरुणात ते 20 सेंटिमीटरच्या आसपास यायला हवेत. आजींना 20.2 मिळाले आणि त्या पुढे गेल्या. चुण्या दिसल्या तर फेऱ्या कमी आहेत. दोरी झालरीसारखी लाटा मारत असेल तर फेऱ्या जास्त झाल्या आहेत. लाटांच्या बाबतीत एक धोका आहे: हात थकल्यावर मोकळी फेरी चुकून दोनदा दिली जाते. सुईच्या बाजूला रंगीत धाग्याची खूण ठेवून चार मोजत जाणं बरं.

आता थोडं ठिपक्यांबद्दल. निळ्या काठात साय-रंगाचे ठिपके का दिसले, याचं उत्तर दोन टाके एकत्र करताना सुई कुठून घातली यात आहे. नेहमीच्या पद्धतीने पुढून दोन एकत्र केले की डावीकडचा टाका वर येतो, आणि तो पांघरुणाचा असतो. म्हणून साय-रंग दोरीवर चढून बसतो. पाठीमागच्या धाग्यांतून, म्हणजे टाक्याच्या मागच्या पायातून सुई घालून दोन एकत्र केले की उजवीकडचा, दोरीचा टाका वर येतो आणि काठाचा टाका त्याच्या पाठीत लपतो. एवढ्या एका बदलाने ठिपके गेले. दोन्ही रंग एकच असले तर फरक जाणवत नाही, पण पोत तिरका दिसतो, म्हणून तिथेही मागून घेण्याची सवय ठेवावी.

टाके कसे उचलले यावरही ते दिसणं अवलंबून असतं. आजींनी एका बाजूचे सगळे 160 टाके आधी तीन मिलिमीटरच्या, 100 सेंटिमीटर लांबीच्या गोल सुईवर घेतले, धागा न ओढता, नुसती सुई काठाच्या फाश्यांतून घालून. बारीक सुई घेतल्याने फासे ताणले जात नाहीत आणि नवा धागा नसल्याने रंगाची रेषा येत नाही. बाजूच्या काठावर पहिला टाका न विणता सरकवण्याची त्यांना सवय होती. त्यामुळे तिथे साखळीसारखी कड आली होती आणि तिची एक कडी एका कंगोऱ्याएवढी होती. कडीचे दोन्ही पाय सुईवर घ्यायचे. एकच पाय घेतला तर तो ताणला जाऊन काठाशी छिद्र पडतं, आणि कडीच्या आतल्या ओळीत सुई घातली तर पांघरुणाच्या पाठीमागे जाड कड उठते.

वरच्या बाजूचे टाके आजींनी आधी नेहमीसारखे बंद केले होते. तिथे मोजलं तर 77 सेंटिमीटर भरत होतं, म्हणजे बंद करतानाच तीन सेंटिमीटर आकसली होती. ती ओळ उसवून 160 टाके सुईवर मोकळे ठेवले. मोकळे टाके असले की वरची बाजू बंद करणं आणि काठ जोडणं दोन्ही दोरीच करते. टाके बंद करायची वेळ आलीच तर ती ओळ एक मापाने मोठ्या सुईने करावी.

दोरीची सुरुवात कधीही कोपऱ्यावरून करू नये. तिथे आधीच वळण असतं, त्यात जोड आला की गाठ दिसते. आजींनी खालच्या बाजूच्या मध्याजवळून, टोकांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून लांब, सुरुवात केली. उरलेल्या सुती धाग्यावर तीन कच्चे टाके घातले, म्हणजे शेवटी तो धागा ओढून काढला की तीन टाके उघडे मिळतात. आता डाव्या सुईवर आधी दोरीचे तीन टाके आणि त्यांच्या पुढे काठाचे टाके आले. पहिल्या टाक्याला धागा मागून नीट ओढून घेतला की पाठीत शिडीसारखी ओळ राहत नाही. इथे हाताचा घाम अडचण करतो. पावसाळ्याच्या दमट हवेत सुती धागा धातूच्या सुईला चिकटतो आणि ओढणं असमान होतं. बांबूची सुई आणि जवळ ठेवलेला कोरडा पंचा एवढं केलं की पुरतं. एक मात्र आहे, वीस-पंचवीस कंगोऱ्यांनंतर पाठीकडची बाजू उलटून बघा, कारण पुढून काही दिसत नाही.

कोपऱ्यावर दोरीच्या आतल्या कडेला जेवढा रस्ता असतो, त्यापेक्षा बाहेरच्या कडेला जास्त असतो. एका फेरीची लांबी कमी पडली की बाहेरची कड कापडाला वर खेचते, आणि होडी होते. आजींनी कोपऱ्याच्या गाठीत एक वेगळा टाका उचलला. शेवटच्या कंगोऱ्याची जोडफेरी, मग एक मोकळी फेरी, मग कोपऱ्याच्या टाक्याची जोडफेरी, पुन्हा एक मोकळी आणि नंतर पुढची बाजू. कोपरा सपाट पसरला, किंचित गोलसर. चार टाक्यांची जाड दोरी असती तर दोन्हीकडे आणखी एकेक मोकळी फेरी लागली असती. कोपरा वर उचलला तर एक मोकळी वाढवा. जिभेसारखा बाहेर आला तर एक काढा.

पुढे जाण्याआधी आजींनी धाग्याचा अंदाज घेतला, कारण निळ्या धाग्याची एकच लडी घरात होती. दहा फेऱ्या विणून उसवल्या आणि धागा मोजला: 56 सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीला 5.6. चार बाजूंच्या प्रत्येकी 200 फेऱ्या म्हणजे 800, चार कोपऱ्यांच्या प्रत्येकी तीन म्हणजे 12. एकूण 812 फेऱ्यांना साधारण 45.5 मीटर. जोडण्यासाठी आणि उसवण्यातला तोटा धरून 50 मीटर ठेवले. एका 50 ग्रॅमच्या लडीत ते मजेत मावलं. हे मोजमाप पहिली बाजू सुरू करण्याआधी करायला हवं, कारण काठाच्या मध्ये नवी लडी जोडली तर रंगाची छटा बदलते आणि ती गोल काठावर लगेच डोळ्यांत भरते.

आधी विणलेली चुण्यांची बाजू उसवावी लागली का? हो, पूर्ण. मध्ये मोकळ्या फेऱ्या घालता येत नाहीत, कारण दोरी एकाच धाग्याची साखळी असते. उसवताना तिच्या चालू टोकाकडून धागा सरळ निघतो, पण पांघरुणाचे टाके सुटून लोंबतात. म्हणून दर दहा-पंधरा फेऱ्या उसवल्या की ते परत बारीक सुईवर घ्यायचे आणि मगच पुढे उसवायचं. हे फार थकवणारं काम आहे, तरी चुण्यांवर वाफेची इस्त्री फिरवणं हा पर्याय नाही. इस्त्रीने नळी चपटी होते, चुण्या तशाच राहतात.

शेवटी दोरीचे तीन टाके आणि सुरुवातीच्या कच्च्या टाक्यांतून मोकळे झालेले तीन टाके समोरासमोर आले. आजींनी 20 सेंटिमीटर धागा ठेवून बोथट टोकाच्या सुईने ते टाक्याला टाका जोडून घेतले, सुलट टाक्याच्या आकाराची नक्कल करत. फासे ओढून घट्ट केले नाहीत. आधी सैल जोडून मग एकेक फासा ताणून शेजारच्या टाक्यांच्या मापाचा केला. बंद करून शिवता येतं, पण तिथे मटाराएवढी गाठ राहते आणि हाताला लागते. उरलेली टोकं दोरीच्या पोटातून पाच-सहा सेंटिमीटर आत ओढून कापली.

एक प्रश्न उरला होता रंगाचा. निळा धागा धुतल्यावर साय-रंगावर उतरेल का? त्याची चाचणी काठ सुरू करण्याआधीच केलेली होती: निळ्या धाग्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून अर्धा तास ठेवला. पहिल्या वेळी फिकट डाग आला, म्हणून लडी सुटी करून दोन-तीन वेळा साध्या पाण्यात धुऊन घेतली आणि मग डाग थांबला. दमट दिवसात ओलं कापड बराच वेळ ओलं राहतं आणि रंग उतरायला तेवढाच वेळ मिळतो, हे लक्षात ठेवायला हवं.

पूर्ण पांघरूण धुतलं ते जूनमध्ये. पिळलं नाही, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढलं. दोरीवर टांगलं नाही, कारण ओलं सुती वजनदार असतं आणि स्वतःच्या वजनाने काठ लांबतो. पडवीत नको, पावसाची सर्द हवा तिथून आत येते. आतल्या खोलीत टेबलावर कोरड्या चादरीवर पसरून, काठ हाताने सरळ करून, पंख्याखाली ठेवलं. दर काही तासांनी उलटलं आणि चादर बदलली. वाळायला दोन दिवस लागले. मध्ये चादर न बदलता तसंच ठेवलं असतं तर कुबट वास आला असता. वाळल्यावर चारही बाजू मोजल्या: 80, 80, 79.5, 80. शेवटची अर्ध्या सेंटिमीटरची कमतरता वरच्या बाजूला होती, जिथे मोकळ्या टाक्यांवर चाराऐवजी पाच जोडफेऱ्या झाल्याचं दोन ठिकाणी सापडलं.

हाच काठ उलट-सुलट विणलेल्या शालीला घ्यायचा तर आकडे वेगळे येतात. तिथे 10 सेंटिमीटरमध्ये 28 ओळी असतील आणि दोरीच्या फेऱ्या 25, तर बाजूने जोडताना मोकळी फेरी लागत नाही, उलट दर नवव्या ओळीचा टाका उचलायचा नाही. आणि खालच्या वरच्या बाजूंना, जिथे 20 टाके असतात, पुन्हा चारास एक मोकळी. एकाच शालीच्या बाजूंना दोन प्रमाणं. शिवाय उलट-सुलट विणीच्या शालीची कडेने गुंडाळण्याची ओढ दोरीने पूर्ण जात नाही, थोडी दबते एवढंच. ती घालवायची असेल तर दोरीच्या आत सहा-आठ टाक्यांची सुलट पट्टी आधीच विणून ठेवावी लागते.